चौथीनंतर मुलं कुठे जातात? एका छोट्या शाळेचं स्वॉट, मॅनेजिंग कमिटीसाठी

पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, एकूण १४० मुलं. मुख्याध्यापिका धरून सात पूर्णवेळ शिक्षक, गणित-विज्ञानाला तासावर येणारे दोन जण, एक क्लार्क, एक शिपाई. अशी एक शाळा समोर धरूया. शाळा नमुन्याची आहे आणि आकडे हिशोब सोपा जावा म्हणून बेतलेत, पण छोट्या शाळांच्या कमिट्या जिथे अडकतात तिथेच हीसुद्धा अडकलीय. पाच वर्षांपूर्वी इथे १८२ मुलं होती. म्हणजे ४२ मुलं कमी झाली, आणि कमिटीतल्या प्रत्येकाकडे याचं आपापलं कारण तयार आहे: जवळ मोठी बिल्डिंगवाली शाळा सुरू झाली, आपल्याकडे कॉम्प्युटर लॅब नाही, आपली जाहिरात होत नाही वगैरे.

कमिटीने स्वॉट करायचं ठरवलं, म्हणजे शाळेची बलस्थानं, कमकुवत बाजू, संधी आणि धोके चार चौकोनांत मांडायचे. पहिल्या मीटिंगमधे फळ्यावर चार चौकोन काढले आणि तासाभरात भरूनही टाकले. बलस्थानांत आलं: अनुभवी शिक्षक, घरगुती वातावरण, वैयक्तिक लक्ष. कमकुवत बाजूंत: जागा कमी, निधी कमी. संधीत: स्पोकन इंग्लिशचे वर्ग सुरू करता येतील, वरचा मजला बांधता येईल. धोक्यांत: स्पर्धा. मग सगळ्यांनी फोटो काढला आणि विषय बांधकाम समितीकडे गेला. मला हे खूप खटकतं, कारण हे चार चौकोन कुठल्याही शाळेच्या भिंतीवर चिकटवले तरी चालतील, या शाळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आणि हे फक्त शाळांचंच होतं असं नाही, टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या व्यवस्थापनाच्या दोन अभ्यासकांनी १९९७ मधे छापलेल्या लेखासाठी २० कंपन्यांमधे झालेली स्वॉट तपासली तर लांबलचक याद्या, मोघम शब्द, कशाला किती महत्त्व ते कुठेच नाही आणि पुढचे निर्णय घेताना त्या याद्या कोणी वापरल्याच नाहीत, असंच त्यांना दिसलं होतं.

म्हणून दुसऱ्या मीटिंगला तीन नियम करून घेतले. पहिला, चौकोनात जे लिहाल त्याच्या शेजारी पुरावा लिहा, रजिस्टरमधला आकडा किंवा कोणी प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट, नाहीतर ती ओळ खोडा. दुसरा, आत आणि बाहेर वेगळं करा, म्हणजे कमिटीला मीटिंगमधे ठराव करून जे बदलता येतं ते आतलं, ते बळ नाहीतर कमजोरी. आपली शाळा उद्या बंद झाली तरी जे बाहेर तसंच राहील ते बाहेरचं, ती संधी नाहीतर धोका. ही कसोटी लावल्याबरोबर स्पोकन इंग्लिशचे वर्ग आणि वरचा मजला दोन्ही संधीतून बाहेर पडले, कारण ती आपण करायची कामं आहेत, बाहेर उभी असलेली परिस्थिती नाही. बहुतेक कमिट्यांच्या संधीच्या चौकोनात आधीपासून मनात असलेली कामंच लपलेली असतात, आणि मग स्वॉट म्हणजे त्या कामांवर शिक्का मारायचा कार्यक्रम होऊन बसतो. तिसरा नियम, एका चौकोनात चारपेक्षा जास्त ओळी नकोत.

पटाचं रजिस्टर उघडल्यावर

पुरावा शोधायचा म्हटल्यावर क्लार्कने पटाची रजिस्टरं काढली. इयत्तावार आकडे असे निघाले:

पाच वर्षांपूर्वी: २६, २६, २६, २७, २६, २६, २५
या वर्षी: २५, २४, २४, २३, १६, १४, १४

(डावीकडून पहिली, उजवीकडे शेवटी सातवी.) पहिलीचा प्रवेश जवळजवळ तसाच आहे, २६ चे २५. पहिली ते चौथी मिळून १०५ ची ९६ झाली, म्हणजे नऊ कमी. पाचवी ते सातवी मात्र ७७ वरून ४४ वर आली, ३३ कमी. ४२ मधली ३३ मुलं एकट्या वरच्या तीन इयत्तांमधून गेलीत. म्हणजे नवीन आईवडील शाळेकडे येत नाहीत ही समजूतच चुकीची होती, ते येतात, मूल घालतात, चार वर्षं ठेवतात आणि मग काढतात.

इथे एक काळजी घ्यायला लागते. एकाच वर्षाच्या चौथी आणि पाचवीची तुलना करून गळती काढायची नाही, कारण दोन्ही वर्गांतली मुलं वेगवेगळी आहेत. मागच्या वर्षीची चौथी आणि या वर्षीची पाचवी असं तिरकं वाचायचं. तसं वाचलं तर मागच्या वर्षी चौथीत २४ होती, या वर्षी पाचवीत १६, आठ गेली. त्याआधी २४ ची १५, नऊ गेली. त्याच्याही आधी २५ ची १५, दहा गेली. बाकी कुठल्याही पायरीवर वर्षाला एखादं-दुसरं मूलच कमी होतं, तेवढं घर बदलण्यातसुद्धा होतं. इतकी स्वच्छ एका जागची गळती दिसली की बाकीच्या पन्नास चर्चा बाजूला ठेवता येतात. आकडे सगळ्या इयत्तांत थोडे थोडे घसरले असते तर मात्र प्रश्न वेगळा, मग परिसरात लहान मुलंच कमी झालीत का, फी परवडत नाही का, हे बघायला लागलं असतं.

फोन कोणी करायचे आणि काय विचारायचं

का गेली हे कळायला सोडून गेलेल्या मुलांच्या घरी फोन करायचं ठरलं, मागच्या दोन वर्षांतली १७ घरं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या मी करते, पण कमिटीने नम्रपणे नको म्हटलं आणि ते बरोबरच होतं, कारण ज्यांनी आपल्या मुलाला शिकवलं त्यांच्यासमोर पालक खरं बोलत नाहीत, घर लांब पडतं म्हणतात आणि विषय संपवतात. फोन कमिटीतल्या एका पालक सदस्याने केले. पहिला प्रश्न "का काढलंत?" असा नव्हता, त्याला लोक बचावाचं उत्तर देतात. प्रश्न होता, "शाळा बदलूया असं घरात पहिल्यांदा कधी बोलणं झालं, तेव्हा काय घडलं होतं?"

१४ घरं फोनवर भेटली. तिघांनी घर बदललं होतं. दोघांचं मोठं भावंड दुसऱ्या शाळेत, म्हणून एकत्र सोय केली. उरलेल्या नऊ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं, वरच्या वर्गात गणित-विज्ञानाला शिक्षक टिकत नाहीत. एकीने सांगितलं की शेजारच्या मुलाला सहावीत एका वर्षात तीन सर झाले आणि अपूर्णांक तिघांनीही पहिल्यापासून सुरू केले. बिल्डिंगचं नाव एकानेही घेतलं नाही, लॅबचंही नाही. आणखी एक गोष्ट कळली जी रजिस्टरमधून कधीच कळली नसती. हे बोलणं घरात चौथीच्या शेवटी होत नाही, तिसरीच्या शेवटी किंवा चौथीच्या सुरुवातीला होतं, आणि तेही मोठ्या वर्गातल्या मुलांकडे बघून.

१४ फोन म्हणजे काही सर्व्हे नाही, मान्य. पण गळतीची सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली, आणि त्याच वर्षी जुने पूर्णवेळ गणित-विज्ञान शिक्षक सोडून गेले होते आणि पैसे वाचवायला तासावरचे घेतले होते. रजिस्टर, फोन आणि नेमणुकीची फाईल तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतायत, निर्णयाला एवढं पुरतं.

आता चौकोन पुन्हा भरले

बळ: खालच्या वर्गांचं वाचन. बाई दर तिमाहीला प्रत्येक मुलाला स्वतः वाचून दाखवायला सांगतात आणि वहीत नोंद ठेवतात, तिसरीत २४ पैकी २१ मुलं इयत्तेचा मजकूर न अडखळता वाचतात. ही झाली पुराव्याची ओळ. "वैयक्तिक लक्ष" ही ओळ यात विरघळली, कारण लहान वर्ग हे आपोआप बळ नसतं. पहिलीत २५ मुलं असणं आणि सातवीत १४ असणं ही दिसायला एकच गोष्ट, पण सातवीतले १४ हे लक्ष देता यावं म्हणून ठरवलेले नाहीत, बाकीची निघून गेली म्हणून उरलेत, आणि शिक्षकाचा पगार मात्र २५ ना जेवढा तेवढाच लागतो.

कमजोरी: वरच्या वर्गांत गणित-विज्ञानाला कायम माणूस नाही. दुसरी, बाईंकडे आठवड्याच्या ४० पैकी २४ तासिका आहेत, वर ऑफिसचं सगळं, त्यामुळे वर्षभरात दुसऱ्याच्या वर्गात बसून तास बघणं एकदाही झालेलं नाही. तिसरी, वाचन इतकं छान करून घेणाऱ्या पहिलीच्या बाई दोन वर्षांत निवृत्त होतायत आणि त्यांची पद्धत त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. यावर मीटिंगमधे बराच वाद झाला, निवृत्ती हा धोका ना, ती आपल्या हातात कुठे आहे? पण तयारी आपल्या हातात आहे, म्हणून ती कमजोरीत गेली. धोक्यात टाकली की माणूस हात जोडून बसतो, कमजोरीत टाकली की कोणाच्या तरी नावावर काम लागतं. चौथी ओळ पैशाची, ती पुढे सांगतो.

संधी: चालत येण्याच्या अंतरावर तीन बालवाड्या आहेत आणि त्यातल्या एकीशीच आपला संपर्क आहे. संधीत एवढी एकच ओळ उरली, आणि ते चांगलंच आहे, जबरदस्तीने चार भरायच्या नाहीत.

धोका: ती मोठी शाळा, पण आता नेमकेपणाने. तिचा प्रवेश पाचवीपासून आहे, आणि तिचे फॉर्म वर्ष संपायच्या चार महिने आधी निघतात. आपली चौथीची पालकसभा मात्र वर्ष संपताना, निकालाच्या दिवशी होते, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांनी तोवर पैसे भरलेले असतात. "स्पर्धा" असं लिहिलं की काहीच करता येत नाही, "चार महिने आधी फॉर्म" असं लिहिलं की निदान सभेची तारीख तरी बदलता येते.

पैशाचा हिशोब, पण फीमधे

कमिटीत सगळे हिशोबाचे लोक नसतात, म्हणून मी एक साधं माप सुचवतो, एका मुलाची पूर्ण वर्षाची फी म्हणजे एक फी, आणि सगळे आकडे त्यातच बोलायचे. १४० मुलं म्हणजे कागदावर १४० फी. त्यातून सवलती १२ आणि न वसूल होणारी सहा वजा केली की हातात १२२ येतात. म्हणजे एका मुलामागे खरी जमा साधारण ०.८७ फी, हे विसरून केलेलं कुठलंही बजेट फसतं. देणग्या १४. एकूण जमा १३६. खर्चात पगार १०४, इमारत-वीज-दुरुस्ती १६, साहित्य नऊ, किरकोळ पाच, मिळून १३४. शिल्लक दोन. बँकेत राखीव २० फी, म्हणजे पावणेदोन महिन्यांच्या आसपासचा खर्च. आणि १४ देणग्यांपैकी नऊ एकाच घरातून येतात, ते घर थांबलं तर शाळा त्याच वर्षी सात फी तोट्यात. ही ती चौथी कमजोरी.

आता पूर्णवेळ गणित-विज्ञान शिक्षक: वर्षाला १२ फी. तासावरच्या दोघांवर सध्या सात जातात, म्हणजे जादा खर्च पाच. चौथीनंतर जाणाऱ्या आठपैकी निम्मी, चार मुलं थांबली असं धरलं तर पहिल्या वर्षी जमा वाढते चार गुणिले ०.८७, साडेतीनच्या जवळ. दीड फी कमी पडते, ती शिल्लक दोनमधून निघते. दुसऱ्या वर्षी तीच चार मुलं सहावीत आणि नवीन चार पाचवीत, आठ मुलं, सातच्या आसपास जमा, खर्च निघून दोन वर. तिसऱ्या वर्षी बारा मुलं, दहाच्या वर. थांबलेल्या मुलामागे जादा खर्च जवळजवळ नसतो, बाक आहेत, वर्ग आहे, शिक्षक आहे, थोडं साहित्य वाढतं इतकंच. एकही मूल थांबलं नाही तर? मग शिल्लक दोन जाऊन वर तीन फी राखीवमधून जातील, आणि एवढा तोटा एक वर्ष सोसता येतो, तीन वर्षं नाही.

वरच्या मजल्याला ६० फी लागतात. राखीव तिप्पट केलं तरच तेवढे होतात, आणि ज्या पाचवी-सहावी-सातवीसाठी तो बांधायचा त्या वर्गांत आत्ताच बाक रिकामे आहेत. खजिनदारांनी हे वाक्य मीटिंगमधे वाचलं तेव्हा बांधकामाचा विषय आपोआप मागे गेला, कोणाला दुखवायला लागलं नाही.

चौकोन एकमेकांना जोडणं

१९८२ मधे व्यवस्थापनाचे अभ्यासक हाइन्झ वायरिश यांनी सुचवलेली रीत इथे कामी येते: याद्या वेगवेगळ्या न ठेवता आतली एक ओळ आणि बाहेरची एक ओळ जोडीने घ्यायची आणि या दोघींमुळे काय करणं भाग आहे ते विचारायचं. सगळ्या जोड्या करत बसू नका, जिथे ठिणगी पडते त्याच घ्या. इथे तीन निघाल्या आणि त्याच या शाळेच्या प्राधान्याच्या गोष्टी, याच क्रमाने.

पहिली जोडी, गणित-विज्ञानाची कमजोरी आणि चार महिने आधीचे फॉर्म. यातून दोन कामं, शिक्षक नेमणं आणि चौथीची सभा अलीकडे ओढणं. नेमणुकीत पूर्वी काय बिघडलं तेही फाईलमधे सापडलं, तासावरच्यांना सुट्टीच्या दोन महिन्यांचे पैसे मिळत नव्हते, साहजिकच प्रत्येक सुट्टीनंतर माणूस दुसरीकडे गेलेला असायचा. म्हणून १२ फीमधे बारा महिन्यांचा पगार धरलाय, त्यात काटछाट केली तर ही सगळी योजनाच पोकळ होईल. सभा वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या तिमाहीतच घ्यायची, तिसरी आणि चौथीची एकत्र, आणि तिथे भाषणं नकोत. नव्या सरांनी किंवा बाईंनी पालकांसमोर अर्धा तास पाचवीचा गणिताचा तास घ्यायचा, सहावी-सातवीच्या वह्या टेबलावर ठेवायच्या. पालकांनी निर्णय मोठ्या मुलांकडे बघून घेतला होता, तर त्यांना मोठी मुलंच दाखवायला हवीत.

दुसरी जोडी, वाचनाचं बळ आणि दोन बालवाड्या ज्या आपल्याला ओळखत नाहीत. बालवाडीच्या पालकांना शाळेत बोलवून दुसरीच्या मुलांनी गोष्ट वाचून दाखवायची, खर्च जवळपास शून्य. पण त्याआधी पहिलीच्या बाईंची पद्धत टिकायला हवी, म्हणून दुसरीच्या शिक्षिकेने आठवड्यातून दोन तासिका त्यांच्या वर्गात बसायचं, आणि कुठल्या आठवड्यात कुठली अक्षरं, अडखळणाऱ्या मुलाला नेमकं काय देतात, हे बाई सांगतील तसं लिहून घ्यायचं. दोन तासिका आणायच्या कुठून हा प्रश्न खरा आहे. नवा शिक्षक ३६ तासिका घेईल, तासावरचे दोघं मिळून ४० घेत होते, म्हणजे उलट चार कमीच पडतात. सहावी आणि सातवी मिळून २८ मुलं आहेत, त्यांचे खेळ, चित्रकला, संगीत, वाचनालय एकत्र केले तर आठ तासिका सुटतात. चार तिकडे भरल्या, दोन दुसरीच्या शिक्षिकेला दिल्या, उरलेल्या दोन मुख्याध्यापिका बाईंना, म्हणजे त्यांच्या २४ च्या २२ झाल्या आणि त्या दोनात त्यांनी दुसऱ्यांच्या वर्गात बसायचं. फार नाहीत, पण आज शून्य आहेत.

तिसरी, राखीव निधी ३४ फीपर्यंत नेणं, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, आणि तोवर बांधकाम, आठवीचा वर्ग आणि बस या तिन्ही विषयांवर मीटिंगमधे वेळ घालवायचा नाही असा लेखी ठराव. लेखी यासाठी की तोंडी ठरलेलं पुढच्या मीटिंगला कोणीतरी मोठ्या मनाने पुन्हा उघडतंच. देणगीच्या बाबतीत एकच काम, त्या एका घराला भेटून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज सरळ विचारायचा, लोक सांगतात, आपणच संकोचतो.

लक्ष कशावर ठेवायचं

पटाचा आकडा वर्षातून एकदाच हलतो, तोवर थांबून चालणार नाही. म्हणून दर महिन्याच्या मीटिंगला क्लार्कने तीनच गोष्टी सांगायच्या: वरच्या वर्गात गणित-विज्ञानाच्या किती तासिका झाल्याच नाहीत, चौथीतल्या किती घरांनी दाखल्याची चौकशी केली, आणि फी किती थकली (घरांची नावं न घेता, फक्त आकडा). न झालेल्या तासिका महिन्याला चार-पाचच्या वर जायला लागल्या तर शिक्षक टिकण्याचा प्रश्न परत आलाय असं समजायचं आणि त्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलायचं, वर्ष संपायची वाट बघायची नाही.

पहिल्या वर्षी गळती आठवरून पाच-सहावर आली तरी निराश व्हायचं कारण नाही, कारण या वर्षीच्या चौथीच्या घरांत ते बोलणं आधीच होऊन गेलंय. खरी परीक्षा आज तिसरीत असलेल्या मुलांची, ती पाचवीत जातील तेव्हाची. शिक्षक दोन वर्षं टिकला, तासिका नीट झाल्या, आणि तरी त्या वर्षी सहाहून जास्त मुलं गेली तर मात्र आपण कारणच चुकीचं धरलं होतं असं मानून पुन्हा फोन करायला बसायचं, आणि या वेळी गेलेल्यांबरोबर थांबलेल्या घरांनाही विचारायचं की तुम्ही का थांबलात.